अरबीची बाई

आपल्या नावाचा एक कागद आपल्या माघारी गावभर फिरत असतो, हे मला गेल्या वर्षी कळलं. मी दिंडोशीत राहते, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. शाळेतली पटसंख्या घटू लागली, तुकड्या जोडायची भाषा सुरू झाली, तेव्हा दुसरीकडे प्रयत्न करून ठेवावा म्हणून शिक्षकांना नोकऱ्या लावून देणाऱ्या एका एजन्सीकडे बायोडाटा दिला. पंधरा दिवसांनी तिथल्या मुलीचा फोन आला. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेला माझी प्रोफाइल ‘खूपच आवडली’ होती.

प्रोफाइल म्हणजे माझा बायोडाटा नव्हे, ही पहिली समजून घ्यायची गोष्ट. एजन्सी आपला कागद जसाच्या तसा पुढे पाठवत नाही. त्यावरचा फोन नंबर आणि पत्ता काढून टाकते, नाहीतर शाळा थेट आपल्यालाच बोलावील आणि एजन्सीची फी बुडेल. मग उरलेला मजकूर तिच्या नमुन्यात कुणीतरी नव्याने टाइप करतं. चुका शिरतात त्या इथे. मी त्या मुलीला म्हटलं, ‘तुम्ही शाळेला जे पाठवलंत तेच मला पाठवा.’ ती म्हणाली, ‘मॅडम, तुमचाच तर आहे.’ तिसऱ्यांदा मागितल्यावर ते आलं.

सगळ्यात वर लिहिलं होतं: First Name: Shaikh. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. टाइप करणाऱ्याने तो ओळीने रकान्यांत भरला. आडनाव झालं नाव, माझं नाव गेलं मधल्या घरात आणि अब्बांचं नाव आडनाव होऊन बसलं. आणि पुढे Mr.! यावर हसता येतं, पण पुढे याच नावाने नेमणूकपत्र निघालं तर बँक, पॅन, भविष्यनिर्वाह निधी सगळीकडे ते जुळवत बसावं लागतं. त्यातून Shaikh, Sheikh, Shekh हा आपला घरोघरचा घोळ आहेच. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे स्पेलिंग असेल तेच सगळीकडे धरावं, कारण पुढची सारी कागदपत्रं त्याच्याशी ताडून पाहतात.

दुसरी चूक विषयाची. मी उर्दू आणि विज्ञान शिकवते, बी.एड.लाही याच दोन अध्यापन पद्धती होत्या. प्रोफाइलमध्ये होतं: Arabic, Science. फोनवर विचारलं तर मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, ‘मॅडम, लिपी एकच ना दोन्हीची?’

आता हिला काय सांगावं! लिपी एका घरातली, एवढंच. उर्दूत पे, चे, टे, डाल, ड़े, गाफ अशी अक्षरं आहेत जी अरबीला लागतच नाहीत. छापील उर्दू बहुतेक नस्तालीक वळणात असते, अरबी नस्खमध्ये. आणि व्याकरण म्हणाल तर उर्दू मराठीच्या शेजारची, अरबी दूरची. अरबीत एकवचन, द्विवचन, अनेकवचन असतं. आपल्यातले पुष्कळजण लहानपणी कुरआन वाचायला शिकतात, मीही शिकले. पण वाचता येणं निराळं आणि भाषा म्हणून वर्गात शिकवणं निराळं. त्या शाळेला अरबीचीच बाई हवी होती, आणि पगार माझ्या आताच्या पगारापेक्षा बराच जास्त होता. ‘इंटरव्ह्यूत बघून घेऊ ना, मॅडम,’ असं ती म्हणाली तेव्हा एक क्षण मन डळमळलं, नाही असं नाही. घरात धाकट्या भावाची फी थकली होती.

तिसरी चूक सगळ्यात वजनदार, आणि ती चूक होती की युक्ती, मला आजही ठरवता आलेलं नाही. प्रोफाइलमध्ये दहा वर्षांचा अनुभव, Permanent. खरा हिशेब असा: २०१७ ते २०२० तासिका तत्त्वावर, त्यानंतर पाच वर्षं पूर्णवेळ. झाली आठ. वरची दोन कुठून आली? बी.एड.ची! २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागतात, अंतर्वासिता करावी लागते. ते शिक्षण आहे, नोकरी नव्हे. आणि ‘कायम’ हा शब्द तर मी कुठेच लिहिला नव्हता. अशा एजन्सीची फी बहुधा वार्षिक पगाराच्या टक्क्यात असते. ८.३३ टक्के म्हणजे एका महिन्याचा पगार. अनुभव वाढला की पगार वाढतो, पगार वाढला की फी. पण रुजू होताना ‘दिलेली माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास सेवा समाप्त’ या ओळीखाली सही माझी असते, एजन्सीची नव्हे.

फोनवर सांगून ती मुलगी ‘हो हो, करते’ म्हणत होती, म्हणून मी ई-मेल लिहिला. त्यात तीन रकाने केले: प्रोफाइलमध्ये काय आहे, काय हवं, आणि पुरावा कोणता. नावापुढे दहावीचं प्रमाणपत्र, विषयापुढे बी.एड.ची गुणपत्रिका, अनुभवापुढे शाळेचा दाखला, ज्यात तासिका आणि पूर्णवेळ यांच्या तारखा वेगळ्या आहेत. ‘उत्साही, मनमिळाऊ’ वगैरे विशेषणं त्यांनी आपल्या पदरची घातली होती, ती मी सोडून दिली. सगळंच लाल शाईने रंगवलं की महत्त्वाचं त्यात हरवतं, वह्या तपासणाऱ्याला हे ठाऊक असतं. शेवटी तीन मागण्या केल्या: दुरुस्त प्रत शाळेला पाठवा, आधीची रद्द समजावी असं त्यात लिहा, आणि त्या मेलची प्रत मला द्या. शिवाय हा कागद आणखी कुणाकुणाला गेला, ते कळवा.

तिसरी मागणी का, ते लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी ‘डन मॅडम’ असा निरोप आला. दुरुस्ती झाली होती, पण त्यांच्या संगणकात. शाळेकडे जुनाच कागद होता. शाळेला गेलेल्या मेलची प्रत आपल्याकडे येत नाही तोवर दुरुस्ती झाली असं धरू नये. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे, आणि ती दुसऱ्या संस्थेला देणार असाल तर अचूक ठेवण्याची जबाबदारीही घातली आहे. पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या. तेव्हा आजच कलमं फेकण्यापेक्षा कागद जोडलेला बरा.

चार दिवस वाट पाहून मी शाळेच्या कार्यालयाला स्वतःच दोन ओळी लिहिल्या. कुणाला दोष दिला नाही. ‘आपल्याकडे आलेल्या माझ्या प्रोफाइलमध्ये नाव, विषय आणि अनुभव चुकीचे आहेत, बरोबर तपशील सोबत जोडले आहेत, अरबी मी शिकवत नाही.’ मुख्याध्यापिकाबाईंचं सभ्य उत्तर आलं. अरबीची जागा अर्थातच गेली. उर्दूची जागा निघाली तर कळवू, म्हणाल्या. एजन्सीच्या मुलीने मात्र फोन करून चांगलंच सुनावलं, ‘मॅडम, थेट क्लायंटला का लिहिलंत?’ मी म्हटलं, ‘बेटा, चार दिवस तुझीच वाट पाहिली.’

मार्चमध्ये त्याच एजन्सीतून एका नव्या मुलाचा फोन आला. मीरा रोडच्या एका शाळेला अरबीची बाई हवी आहे, आणि तुमची प्रोफाइल अगदी फिट बसते म्हणे. ‘मिस्टर शेख बोलताय ना?’

मी त्याला म्हटलं, ‘आधी तो कागद पाठव.’