आईचं बीपी, माझी वही

आज आईने आर्वीहून पाठवलेला बीपी मशीनचा फोटो बराच वेळ मोठा करून बघत बसले. वरचा आकडा १३६ की १३८? खिडकीचा उजेड काचेवर पडला होता. या पडद्यावर प्रत्येक अंक सात बारीक रेघांतून उमटतो; आठाची उजवीकडची वरची रेघ चकाकीत गेली की त्याचा सहा होतो. अंदाजाने लिहिणं मला पटत नाही. फोन करून आईला मेमरीचं बटण दाबायला लावलं, सावलीत घेतलेला फोटो आला: १३८, खाली ८४, नाडी ७२.

मग वेळेचा प्रश्न. मशीन दाखवत होतं १ जानेवारी. सेल बदलले की पुष्कळ मशीनचं घड्याळ असं मागे जातं. व्हॉट्सॲपवर ९:१० होते, पण ती पाठवल्याची वेळ. आईने मोजलं होतं सातला, गोळीआधी. वहीत तेच लिहिलं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात वही दाखवू, तेव्हा गोळीआधीचे आकडे डॉक्टरांना वेगळे दिसायला हवेत.

बाबांच्या साखरेचं तर वेळेशिवाय काहीच कळत नाही. १४२ उपाशीपोटी असेल तर काळजी, जेवणानंतर दोन तासांनी असेल तर तेवढी नाही. आणि पडद्यावर Lo आलं, तर साखर मशीनला मोजता येण्याच्याही खाली गेलेली असू शकते. तेव्हा फोटो नंतर. बाबा शुद्धीवर असतील तर आधी साखरपाणी द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हे आईला बजावून ठेवलंय.