वखारीतली बाई : वीस, चौतीस आणि शेहेचाळीस

मंडळी, परवा इथं कुणीतरी आपल्या भागातल्या हौशी नाटकांचे जुने फोटो टाकले, आणि खाली दोघातिघांनी विचारलं की एकाच बाईला तीन अंकांत तीन वयांची कशी केली होती. त्या नाटकाची रंगभूषा आणि कपडेपट माझ्याकडं होता. आठवतंय तोवर लिहून ठेवतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

नाटक आमच्याच मंडळातल्या एकानं लिहिलेलं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक बाई. पहिला अंक 1956 चा, ती वीस वर्षांची, लग्न होऊन नुकती आलेली. दुसरा 1970 चा, म्हणजे चौतीस. तिसरा 1982 चा, शेहेचाळीस. रंगभूषा आणि कपडे मिळून साडेचार हजार रुपये, त्यातच भाड्याचे दोन विगसुद्धा बसवा म्हणाले. मी विग घेतलेच नाहीत. भाड्याचा विग कपाळावर कुठं सुरू होतो ते पाचव्या रांगेतून दिसतं, आणि एकदा ते दिसलं की लोक पुढं विगच बघत बसतात.

काम करणारी वहिनी शाळेत शिकवायची, वय चौतीस. म्हणजे मधला अंक तिच्या स्वतःच्याच वयाचा. सगळ्यांना वाटत होतं अवघड भाग तिसरा. खरं तर चौतीसला वीस करणं हे शेहेचाळीस करण्यापेक्षा अवघड, कारण सुरकुती काढता येते, पुसता येत नाही. आणि शेहेचाळीसचीही एक गोची होतीच. म्हातारी म्हटलं की हौशी रंगमंचावर एकच म्हातारी ठरलेली : पांढरे केस, कमरेत वाक, हातात काठी, थरथरता आवाज. वखारीतल्या बाईला ती लावली असती तर निपाणीत पहिल्या दहा मिनिटांत हसू झालं असतं. प्रेक्षकांत अर्ध्या बायका वखारीत आयुष्य काढलेल्या.

म्हणून तालमी सुरू व्हायच्या आधी वहिनीला घेऊन आमच्या गल्लीतल्या एका मावशींकडं गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, तीसेक वर्षं वखारीत. वहिनीनं कमरेत वाकून चालून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "असं कोण चालतंय गं? डोक्यावर पाटी असायची की. पाटी घेऊन वाकून चाललीस तर तंबाखू खाली, आणि मुकादमाच्या शिव्या वर. आमची मान ताठच. मी वाकले ती काम सुटल्यावर."

मग त्यांनी बसून दाखवलं, आणि उठूनही. उकिडवं बसून चाळणाऱ्या बाईचं वय उठताना कळतं. तरुण पोर नुसती उठते. चौतिशीची बाई आधी हातातलं काम बाजूला ठेवते, पदर खोचते, मग उठते. शेहेचाळीसची बाई जमिनीला हात लावते, एक गुडघा आधी वर घेते आणि अर्ध्यात क्षणभर थांबते. त्या क्षणात ती काही बोलत नाही. आम्ही प्रत्येक अंकात ती एकदाच उठेल अशी जागा बांधून घेतली, रंगमंचाच्या मधोमध. संपूर्ण नाटकातलं वय त्या तीन उठण्यांवर उभं होतं म्हटलं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट मावशींनी सहज बोलता बोलता दिली. "पहिल्या वर्षाला शिंका येत्यात. मग येत न्हाईत. मग ठसका लागतोय." दिग्दर्शकानं ते जसंच्या तसं उचललं. पहिल्या अंकात वहिनी शिंकत होती आणि बाकीच्या बायका तिला हसत होत्या. दुसऱ्यात नवी पोर शिंकायची आणि वहिनी चाळणीवरची नजरही हलवायची नाही. तिसऱ्यात वाक्याच्या मधे ठसका. तोही दर वाक्याला नाही, पूर्ण अंकात चार वेळा, ठरलेल्या जागी. जास्त झाला असता तर क्षयाची पेशंट वाटली असती.

आता चेहरा. पहिल्या अंकासाठी डोळ्यांखालच्या काळसर जागेवर आणि नाकापासून ओठाकडं येणाऱ्या घडीत, त्वचेपेक्षा एक छटा उजळ पॅनकेक. बाकी चेहऱ्याला नेहमीचाच रंग. घडी बुजवायची नसते, तिच्यातली सावली मारायची असते. गालाच्या वरच्या गोलाईवर थोडी लाली. केसांत गंगावन घालून जाड अंबाडा, आणि कपाळावर मेणावर लावलेलं ठसठशीत कुंकू. भरगच्च केस आणि भरलेला हिरवा चुडा, एवढ्यानं वय सात-आठ वर्षांनी उतरतं. उरलेलं काम मानेचं : वीस वर्षांची सून सासूसमोर मान वर करत नाही, पण नजर सगळीकडं फिरते. चौतिशीला मान वर येते आणि नजर ठरते.

पहिल्या आणि दुसऱ्या अंकात अंधार होता अडीच मिनिटांचा. अडीच मिनिटांत चेहरा पुसून परत रंगवता येत नाही, कितीही हात चालू दे. त्यामुळं नियम केला की पुढच्या वयाला जाताना काही तरी काढायचं किंवा वर चढवायचं, पुसायचं काही नाही. दुसऱ्या अंकासाठी गंगावन ओढून काढलं, अंबाडा लहान झाला. अर्धा चुडा उतरवला. लालीवर त्वचेच्या रंगाची कोरडी पावडर दाबली की ती मरते. वरचं नवं लुगडं सोडलं की आत दुसरं तयार. नऊवारीवर नऊवारी म्हणजे फुगा दिसायची भीती, पण आतलं धुऊन धुऊन पातळ झालेलं होतं. शिवाय वीस वर्षांची पोर जरा अंगानं भरलेली दिसली तर बरंच की! लेखकानं मधे आठवणीचा प्रवेश घालून परत वीसवर न्यायचं म्हटलं होतं. आम्ही दोघांनी हात जोडले.

तिसऱ्या अंकाआधी मध्यांतर, दहा मिनिटं. रेषांचं काम तेव्हा. वहिनीला म्हणायचं, डोळे बारीक करा, कपाळ आक्रसा, तोंड घट्ट मिटा. जिथं चामडी स्वतःहून मोडते तिथंच रेष. दुसऱ्याच्या सुरकुत्या तिच्या तोंडावर काढल्या तर बोलताना चेहरा एकीकडं जातो आणि रेषा दुसरीकडं. सावलीची रेष काढून तिची खालची कड बोटानं विरवायची, आणि वरच्या कडेला उजळ रंगाचा बारीक पट्टा. नुसती गडद रेष काढली की ती चेहऱ्यावर मांजराच्या मिशीसारखी दिसते. उजळ पट्टा असला तरच चामडी लोंबल्यासारखी वाटते. कानशिलाचा खळगा, गालाचा खळगा, मानेच्या दोन शिरा. बस.

सावलीचा रंग मी आधी तांबूस तपकिरी घेतला होता, खोलीत सुरेख दिसायचा. रंगीत तालमीला दिव्यांवर पिवळट नारिंगी जिलेटिन चढलं, आणि सहाव्या रांगेत बसून बघतो तर वहिनी परत चौतीसची! तांबड्याकडं झुकलेल्या उजेडात तांबूस रंग विरून जातो. त्यात राखाडी मिसळला तेव्हा सावली टिकली. तेव्हापासून आरशातल्या बल्बवर निकाल द्यायचा नाही, हॉलमध्ये जाऊन बघायचं हे पक्कं झालं.

केसांना पावडर मारू नका, हे पुढं कुणी करणार असेल त्यांच्यासाठी. आपल्या बायकांच्या केसांना तेल असतं, पावडरीचा चिखल होतो आणि उरलेली खांद्यावर सांडते. पांढऱ्या ग्रीजपेंटमध्ये कणभर पिवळा मिसळायचा, नाहीतर काळ्या केसांवर तो निळसर मारतो. जुन्या टूथब्रशनं कानशिलापासून आणि भांगापासून, मुळाकडून बाहेर ओढायचा. शेहेचाळीसला एवढंच पुरे. अख्खं डोकं पांढरं करायचा आग्रह झाला होता, मी ऐकलं नाही.

कपड्यांत पैसे गेले ते पहिल्या अंकाच्या इरकली लुगड्यावर, कारण नवं दिसणारंच विकत घ्यावं लागतं. खणाची चोळी पुढं गाठीची. दुसऱ्या अंकापासून झंपर. तिसऱ्या अंकाचं लुगडं एका घरच्या ट्रंकेतून आलं, मधे फाटलेलं. ते फाडून, काठाकडच्या बाजू जोडून रीतसर दंड घातला, सोड्यात उकळलं, चार दिवस गच्चीवर उन्हात टाकलं. गुडघ्याजवळ आणि कमरेला, पदर खोचतात तिथं, दगडावर घासलं. कापड सगळीकडं सारखं विटवलं तर ते जुनं वाटत नाही, मळकं वाटतं. अंग लागतं तिथंच ते झिजतं. आणि तिसऱ्या अंकातल्या बाकीच्या पोरींना पाचवारी नेसवली. त्या चौघींच्या मधे एकटी नऊवारीत बसली की ती आपोआप मागच्या काळातली झाली. तिच्या चेहऱ्याला त्यासाठी हातही लावावा लागला नाही, आणि पाचवारी तर प्रत्येकीच्या घरच्याच.

निपाणीच्या कामगार बायकांवर युगांतर गटानं 1982 साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला होता. आमचा तिसरा अंक त्याच सालचा, म्हणून तो थांबवून थांबवून पाहिला. पोझ कशी द्यायची हे त्यातून घ्यायचं नव्हतं, हात कसे चालतात ते बघायचं होतं. वहिनी तासभर फक्त हात बघत होती. मग तिनंच विचारलं, "दादा, माझे हात खडूचे आहेत. यांचं काय करायचं?" कात पाण्यात कढवून तिच्या बोटांना आणि नखांच्या कडांना मध्यांतरात लावला. सहाव्या रांगेतून काही दिसत नाही, मला माहीत आहे. पण तिला दिसायचं, आणि तिसऱ्या अंकात ती बोटं आपोआप वेगळी धरायची. साबणानं लगेच जात नाही तो रंग. पुढचे दोन दिवस वर्गात पोरं विचारायची, बाई, काय झालं?

खरा तंबाखू रंगमंचावर आणला नाही, नाहीतर शिंका ठरल्या जागी थांबल्या नसत्या. सुताराकडचा भुसा चहाच्या पाण्यात भिजवून वाळवला होता.

निपाणीतल्या प्रयोगाला मावशी पुढच्या रांगेत होत्या. नंतर आत आल्या, वहिनीची बोटं उलटीसुलटी करून बघितली. म्हणाल्या, "हात बरोबर केलासा. उठणं बी बरोबर. पण बाई घरात आली आणि तशीच बसली व्हय? आमी उंबऱ्याभाईर पदर झाडायचो. लेकरांच्या नाकात जातंय नव्हं."

पंधरा दिवसांनी बेळगावात प्रयोग होता. आदल्या रात्री पदराच्या घडीत मूठभर बारीक भुसा भरून दोन सैल टाके घातले. वहिनी तिसऱ्या अंकात दारात आली, टाके ओढले, पदर दोनदा झाडला आणि तोंड बाजूला करून थांबली. बाजूच्या दिव्यात तो धुरळा खाली बसेपर्यंत ती आत आली नाही, आणि तोवर हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.