घर सासऱ्यांच्या नावावर, मग सुनेचं काय?

दहिवलीत आमच्या गल्लीत बायका एकमेकींशी खालच्या आवाजात बोलतात, तेव्हा एक वाक्य हमखास कानी येतं. ‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे, नवऱ्याचंसुद्धा नाही. मग मी कशाच्या जोरावर बोलू?’ या एका समजुतीपायी किती जणी मार खाऊन गप्प बसल्या आणि किती जणी अंगावरच्या कपड्यांनिशी माहेरी निघून गेल्या, याची मोजदाद नाही. ही समजूत कायद्याने खरी नाही. माझ्या भाचीच्या निमित्ताने मी हे सगळं जवळून पाहिलं, म्हणून लिहिते.

भाची माझ्या बहिणीची मुलगी. माहेर खालापूर तालुक्यात, सासर दहिवलीत. लग्नाला सात वर्षं झालेली आणि मुलगी चार वर्षांची. घर सासऱ्यांनी बांधलेलं. नवऱ्याचा हात उठायचा, खर्चाला पैसे मिळायचे नाहीत, तिच्या मेहरचे दागिने सासूच्या कपाटात गेलेले. एका रात्री तिला मुलीसकट बाहेर काढून आतून कडी लावली. सकाळी चार माणसं समजूत घालायला गेली, तेव्हा सासरे म्हणाले, ‘घर माझं आहे. माझ्या घरात कोणी राहायचं ते मी ठरवणार.’ माणसं निरुत्तर होऊन परतली.

सासऱ्यांचं म्हणणं एके काळी न्यायालयातही टिकायचं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमात सरळ म्हटलं आहे की, घरावर तिची मालकी असो वा नसो, सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे आणि कायद्याची रीत सोडून तिला बाहेर काढता येणार नाही. पण 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने बात्रा खटल्यात ‘सामायिक घरा’चा अर्थ आखडता घेतला. घर नवऱ्याचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा तो ज्याचा घटक आहे अशा एकत्र कुटुंबाचं असेल, तरच ते सामायिक, असं ठरलं. सासू-सासऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचं घर त्यातून सुटलं. पुढची जवळजवळ चौदा वर्षं अनेक सुनांचे अर्ज याच एका ओळीवर अडकले.

15 ऑक्टोबर 2020 रोजी सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ती ओळ चुकीची ठरवली. सून ज्या घरात संसार करून राहिली ते घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी सामायिक असू शकतं. चार दिवस पाहुणी म्हणून राहणं यात धरत नाहीत. राहण्यात कायमपणा हवा. भाचीची सात वर्षं त्यात नक्कीच बसत होती.

माझ्याकडे आली तेव्हा ती म्हणाली, ‘खाला, पोलिसात दिलं तर त्यांना आत टाकतील, मग घर कायमचं तुटेल. मला तसं नको आहे.’ हा कायदा तिच्यासारखीसाठीच आहे. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर होतो, पण मागणी शिक्षेची नसते. मारू नका, घरातून काढू नका, खर्च द्या, दागिने परत करा, अशी असते. फौजदारी तक्रार करायची तर ती वेगळी, आणि तो रस्ताही बंद होत नाही.

आम्ही पहिल्या दिवशी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात गेलो आणि अंगावरचे वळ कागदावर आणले. डॉक्टरांना ‘पडले’ असं सांगायचं नाही, कोणी मारलं ते सांगायचं, कारण तोच कागद पुढे बोलतो. मग संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलो. हे महिला व बालविकास विभागाचे अधिकारी असतात. ते तिची हकीकत ठराविक नमुन्यात लिहून घेतात, त्याला कौटुंबिक घटना अहवाल म्हणतात. अहवालाशिवाय अर्जच घेता येत नाही, असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली प्रभा त्यागी खटल्यात तसं स्पष्ट केलं आहे. पण अहवाल असला की अर्जाला वजन येतं. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळाला. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो आणि तिचं उत्पन्न किती हे पाहिलं जात नाही.

अर्ज कुठे करायचा, हाही विचार करावा लागला. ती तेव्हा माहेरी राहत होती. ती तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो, म्हणजे खालापूरलाही करता आला असता. आम्ही कर्जत निवडलं. घर इथलं, आदेशाची अंमलबजावणी करणारं पोलीस ठाणं इथलं, साक्षीदार शेजारी इथले. जिला सासरच्या गावी जायचीच भीती वाटते, तिने मात्र माहेरच्या तालुक्यात अर्ज करावा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते अर्जातल्या मागण्यांचं लिखाण. ‘मला घरात राहू द्यावे’ एवढं लिहून भागत नाही. घर कोणतं? वकिलांनी नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या पावतीवरचा घर क्रमांक घातला, आजूबाजूला कोणाची घरं ते लिहिलं, ती कोणत्या खोलीत राहायची ते लिहिलं, आणि स्वयंपाकघर, मोरी, नळ, वीज वापरू द्यावी असंही मागितलं. नाहीतर आदेश मिळतो, दार उघडतं आणि दुसऱ्या दिवशी खोलीची वीज तोडलेली असते. आदेश मोडला असं म्हणायला मग शब्दच सापडत नाहीत.

दुसरी मागणी होती घर विकू नये, गहाण ठेवू नये याची. तिसरी होती, आदेश अमलात आणायला पोलीस ठाण्याने मदत करावी, हे आदेशातच लिहावं याची. ते लिहिलेलं नसेल तर ठाण्यात ‘हा तुमचा घरगुती मामला’ असं ऐकावं लागू शकतं.

चौथी गोष्ट बारीक आहे, पण नीट समजून घ्या. संरक्षण आदेश वेगळा आणि निवासाचा आदेश वेगळा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे आणि त्यासाठी पोलीस थेट अटक करू शकतात. पण ते कलम ‘संरक्षण आदेश’ असा शब्द वापरतं. म्हणून दोन्ही आदेश मागावेत, आणि घरातून काढू नये, राहण्यात अडथळा आणू नये, हे संरक्षण आदेशातही घालून घ्यावं.

कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात साठ दिवस क्वचित पाळले जातात. म्हणून मुख्य अर्जासोबतच अंतरिम आदेशाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं. धोका मोठा असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधीही आदेश होऊ शकतो. भाचीच्या बाबतीत नोटिसा गेल्या, नवरा आणि सासरे दुसऱ्या तारखेला आले आणि सहाव्या आठवड्यात अंतरिम आदेश झाला. मारहाण करायची नाही, वरची खोली तिला द्यायची, स्वयंपाकघर सामायिक, तिला आणि मुलीला दरमहा खर्च, आणि दागिन्यांची यादी करून परत. ती हवालदारांसोबत घरी गेली आणि कडी आतून निघाली.

या हक्काच्या मर्यादाही सांगायला हव्यात. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. घरात तिला हिस्सा मिळत नाही. आहुजा खटल्यातच न्यायालयाने म्हटलं आहे की, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांनाही शांतपणे राहण्याचा हक्क आहे आणि दोन्हींचा तोल पाहावा लागेल. म्हणून कधी न्यायालय घराऐवजी तशाच दर्जाची दुसरी जागा किंवा तिचं भाडं नवऱ्याला द्यायला लावतं. एका छताखाली जीव धोक्यात असेल तर तेच मागणं शहाणपणाचं. नवऱ्याला घराबाहेर राहण्याचा आदेश होऊ शकतो, पण सासूला किंवा नणंदेला घर सोडायला लावता येत नाही. त्रास देऊ नका, एवढा आदेश त्यांच्याविरुद्ध होऊ शकतो. आदेश मान्य नसेल त्याला तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं, तेव्हा समोरचा अपिलात गेला म्हणून घाबरायचं कारण नाही.

आपल्यात आणखी एक भीती असते, तलाकची. अर्ज केला की नवरा तलाक देईल आणि सगळं संपेल. एका दमात दिलेला तीन तलाक 2019 च्या कायद्याने रद्दबातल आणि गुन्हा आहे, हे आता बहुतेकींना ठाऊक आहे. पण वैध रीतीने फारकत झाली, तरी आधी झालेला अत्याचार पुसला जात नाही. मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या जुवेरिया पटनी यांच्या खटल्यात 2014 साली हेच ठरलं. तिथे खुला झाल्याचं सांगून सत्र न्यायालयाने खर्चाचा अंतरिम आदेश काढून टाकला होता आणि उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, संसार चालू असताना हिंसाचार झाला असेल, तर नंतरच्या फारकतीने त्याची जबाबदारी टळत नाही, आणि तो आदेश पुन्हा कायम केला.

समझोत्याबद्दलही सांगते. भाचीच्या घरी आठ महिन्यांनी मोठी माणसं पुन्हा बसली आणि या वेळी बोलणं जमलं. नवऱ्याने चूक कबूल केली. बैठकीत कोणीतरी सुचवलं, ‘आता केस काढून घे, विषय संपव.’ वकिलांनी वेगळं सांगितलं, तडजोडीच्या अटी न्यायालयात दाखल करून तसा आदेश करून घ्या. साध्या कागदावरचा समझोता मोडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आदेश मोडला तर त्याच प्रकरणात दाद मागता येते. शिवाय संरक्षण आदेश आपोआप संपत नाही. तो बंद करायचा किंवा बदलायचा असेल, तर ज्याला हवं त्याने न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. भाचीने तो अजून केलेला नाही. आदेशाची प्रत न्यायालयाकडून फुकट मिळते. तिची एक प्रत घरात आहे आणि दुसरी बहिणीने माहेरी ठेवली आहे.

जिच्यावर अशी वेळ आली आहे, तिने निघताना निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि घरपट्टीच्या पावतीचा फोटो एवढं जवळ ठेवावं. रात्री-अपरात्री जिवावर बेतलं तर 112, आणि महिला हेल्पलाइनसाठी 181. पहिली तक्रार झाल्यावर पोलिसांनी तिला संरक्षण अधिकारी, मोफत वकील आणि या कायद्यातले हक्क सांगायलाच हवेत, तसं पाचव्या कलमात लिहिलं आहे. ठाण्यात कोणी ते सांगितलं नाही, तर आपणच त्या कलमाचं नाव घेऊन विचारावं.