रकमेपुढची मोकळी जागा

चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ. दोन म्हणजे दोन रेघा, तीन म्हणजे तीन. त्या एकट्या रेघेवर मधोमध उभी रेघ मारली की दहा होतात आणि दहाच्या डोक्यावर तिरका फटकारा दिला की हजार. पावतीवर कुणी साधा 'एक' लिहून दिला, तर ती ज्याच्या हातात पडेल त्याला नुसत्या दोन फटकाऱ्यांत त्याचे हजार करता येतात. खाडाखोड नाही, खरवडणं नाही. आधीची रेघ जागच्या जागी राहते, तिला फक्त सोबत मिळते.

यावर चिनी लोकांनी काढलेला तोडगा असा, की पैशांसाठी आकड्यांचा एक वेगळाच संच वापरायचा. त्याला ते 'दाश्ये' म्हणतात, म्हणजे मोठं लेखन. बोलताना उच्चार तोच, पण कागदावर चिन्ह भरगच्च. एकासाठी एका रेघेऐवजी बारा फटकारे. ही चिन्हं मुद्दाम नव्याने घडवली असंही नाही, बरीचशी सारख्या उच्चाराच्या दुसऱ्या शब्दांची उसनी घेतली आहेत. दहासाठी जे चिन्ह वापरतात त्याचा मूळ अर्थ 'उचलणे', पाचासाठीचं चिन्ह पाच सैनिकांच्या तुकडीचं. असल्या गच्च चिन्हात एखादी रेघ घुसवली तर दुसरा आकडा तयार होत नाही, नुसती घाण होते, आणि ती लगेच दिसते.

हे कुणी सुरू केलं याच्या गोष्टी आहेत. सतराव्या शतकातला विद्वान कू यानवू याने जुने शिलालेख तपासून याचं श्रेय सम्राज्ञी वू त्सतियेन हिच्या काळाला दिलं. तिने 690 ते 705 या काळात स्वतःच्या नावाने राज्य केलं. मिंग घराण्याचा पहिला सम्राट चू युआनचांग याच्या दरबारात 1385 मध्ये महसूल खात्याच्या क्वो हुआन नावाच्या अधिकाऱ्याचं धान्याच्या अपहाराचं प्रचंड प्रकरण उघडकीला आलं, आणि त्यानंतर सरकारी हिशेबात मोठ्या आकड्यांची सक्ती झाली असं सांगतात. मला मात्र वाटतं की सम्राटांच्या आधी सावकारांना हे सुचलं असणार. तुर्फानच्या वाळवंटातल्या थडग्यांत जुने करारनामे सापडले, त्यांत हे आकडे दिसतात. ज्याचे पैसे बुडतात त्यालाच आधी शहाणपण येतं.

माझी या मोठ्या आकड्यांशी गाठ पडली ती 2009 साली, शाओशिंगजवळच्या खछ्याओ गावात. हे कापडाच्या घाऊक बाजाराचं गाव. तिथे इतके भारतीय व्यापारी राहतात की संध्याकाळी रस्त्यावर हिंदी आणि गुजराती सहज कानावर पडते. मी इचलकरंजीचा, घरात सूत आणि कापड यांचीच बोलणी; एका निर्यातदाराच्या कचेरीत हिशेब बघायला गेलो होतो. तिथल्या पद्धतीप्रमाणे हिशेब लिहिणारा वेगळा आणि पैसे हाताळणारा वेगळा. आमच्या रोखपाल बाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लावलेला. त्यांच्या हाताखाली मी चेक भरायला शिकलो.

मला वाटलं होतं की चिन्हं घोकली की काम संपलं. ती तर आठवड्यातच घोकून झाली. बाईंनी मग एक रक्कम दिली: 30,205 युआन आणि 60 फन. अक्षरी लिहायची ती अशी: रनमिनपी तीन वान शून्य दोन शंभर शून्य पाच युआन सहा ज्याओ. वान म्हणजे दहा हजार, ज्याओ म्हणजे युआनचा दहावा भाग, फन म्हणजे शंभरावा. हजाराची जागा रिकामी आहे, म्हणून तिथे शून्य लिहायचं. दशकाची जागा रिकामी आहे, म्हणून तिथेही. मराठीत आपण 'तीस हजार दोनशे पाच' म्हणून मोकळे होतो, मधल्या रिकाम्या घरांचा उल्लेख करत नाही. चिनी भाषा बोलतानाही तो करते, आणि चेकवर त्या सवयीचा फार उपयोग होतो, कारण वान आणि दोनशे यांच्या मध्ये कुणाला हजार घुसवायला जागाच उरत नाही.

पण बाईंचं लक्ष मी काढलेल्या चिन्हांवर नव्हतंच. त्या बघत होत्या ते 'रनमिनपी' हे चलनाचं नाव आणि पहिला आकडा यांच्यातलं अंतर. मी तिथे जरा मोकळं सोडलं होतं, दिसायला बरं म्हणून. त्यांनी पेनाचं टोक त्या फटीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे एक दहा मावतो." तीन वानाच्या आधी 'एक दहा' लिहिलं की झाले तेरा वान. भरगच्च चिन्हांनी आतून चोरी थांबते, बाजूने नाही. त्यासाठी चलनाचं नाव आकड्याला चिकटवायचं. रक्कम पूर्ण युआनवर संपत असेल, तर शेवटी 'झंग' हे चिन्ह लिहून दार लावायचं. आपल्या चेकवरचं 'मात्र' हेच काम करतं. ज्याओवर संपली तर झंग लिहा अथवा नका लिहू. फनवर संपली तर लिहायचं नाही, कारण त्याखाली नाणंच नाही, वाढवणार काय?

आणि दहा. बोलताना चिनी माणूस दहाला नुसतं 'शी' म्हणतो. बारा म्हणजे 'शी अर', दहा दोन. चेकवर मात्र 'एक दहा दोन' असं लिहावं लागतं. कारण नुसत्या दहाच्या पुढे कुणीही पाच ठेवला की पन्नास होतात.

सगळ्यांत मला मजा वाटली ती तारखेची. चेकवर तारीखही मोठ्या आकड्यांतच लिहायची. जानेवारी म्हणजे पहिला महिना आणि फेब्रुवारी म्हणजे दुसरा, यांच्या आधी शून्य लावायचं. दहाव्याच्या आधीही लावायचं. मार्च ते सप्टेंबर मात्र नुसते लिहिले तरी चालतात. मी हे आधी नुसतं पाठ केलं, कारण मागून कळलं. 'दोन महिना' याच्या आधी 'एक दहा' लिहिला की डिसेंबर होतो. 'एक महिना' याचा तसाच नोव्हेंबर. 'तीन महिना' याच्या आधी काहीही लिहा, तेरावा महिना कुठून आणणार? ऑक्टोबरला शून्य लागतं ते मागच्या बाजूसाठी: 'एक दहा महिना' यात दहाच्या नंतर एक घुसवला तर नोव्हेंबर होतो, पण अकराव्या महिन्याला शून्य लागत नाही, त्यामुळे शून्यासकटचा अकरा लबाडी उघडी पाडतो. 20 ऑक्टोबर ही तारीख मग अशी दिसते: शून्य एक दहा महिना, शून्य दोन दहा दिवस. चेक वटवायची मुदत लिहिल्या तारखेपासून दहाच दिवसांची असते, म्हणून तारखेवर एवढा पहारा. तारीख साध्या आकड्यांत असेल तर बँक चेक घेतच नाही. मोठ्या आकड्यांत असूनही नियमात बसत नसेल तर घेऊ शकते, पण नुकसान झालं तर ते चेक काढणाऱ्याच्या माथी.

वडील इचलकरंजीत सहकारी बँकेत होते. सुट्टीत घरी आलो की मी त्यांना हे सांगायचो आणि ते कागद-पेन घेऊन बसायचे. त्यांना यात नवल वाटलं नाही. त्यांचे आजोबा अडत दुकानात दिवाणजी होते. हुंडी कशी लिहीत ते वडिलांनी त्यांच्याकडून ऐकलं होतं. हुंडीवर एक हजाराची रक्कम आकड्यात, अक्षरात, शिवाय 'निमे पाचशे, त्याची दुप्पट' अशीही लिहीत. म्हणजे हजाराचे दोन हजार करायचे तर पाचशेचे हजारही करावे लागणार, आणि बदललेली रक्कम प्रत्येक वेळी जमली पाहिजे. चिनी माणसाने अक्षर जड केलं, आपल्याकडच्या सराफाने रकमेलाच साक्षीदार उभा केला. वडिलांच्या मते दुसरी युक्ती जास्त हुशारीची. मला ती जास्त बडबडी वाटते, पण ते मी तिथे बोललो नाही.

खरा वाद झाला तो कायद्यावरून. वडिलांना 1881 चा परक्राम्य संलेख अधिनियम तोंडपाठ. त्याच्या कलम 18 प्रमाणे आकडी आणि अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी खरी धरायची. त्यांनी विचारलं, चीनमध्ये काय करतात? तिथल्या 1996 पासून लागू असलेल्या कायद्याचं कलम 8 सांगतं की दोन्ही रकमा जुळल्याच पाहिजेत. जुळल्या नाहीत तर चेक रद्द. कुठलीच बाजू खरी धरायची नाही. रक्कम, तारीख किंवा पैसे घेणाऱ्याचं नाव यांत दुरुस्ती केलेला चेकही तसाच रद्द, मग दुरुस्तीवर सही असो वा शिक्का. वडील म्हणाले, "एवढी मोठी अक्षरं गिरवायची आणि शेवटी त्यांचा मान आकड्याइतकाच?" मला ते उलट शहाणपणाचं वाटतं. अक्षरी रकमेला शेवटचा शब्द दिला की चोराला एकाच जागी मेहनत करावी लागते. वडिलांचं म्हणणं, यात चुकून एक आकडा चुकलेला गरीब माणूसही मार खातो. तेही खरं आहे. आमच्या कचेरीतले परत आलेले चेक बहुतेक चोरीचे नव्हते, घाईचे होते.

आता चेक तिथेही क्वचित दिसतो, पैसे फोनवरून जातात. पण कराच्या पावतीवर, 'फाप्याओ'वर, एकूण रकमेच्या ओळीत मोठे आकडे अजून छापून येतात, आणि त्यांच्या आधी गोलात फुली असते, पुढे काही लिहू नये म्हणून. यंत्राने छापलेल्या कागदावर पेनाने कोण लिहिणार, पण फुली आहेच. एक्सेलमध्ये `[DBNum2]` असा फॉरमॅट दिला की आकडा आपोआप मोठ्या लेखनात बदलतो. मात्र 30,205.60 टाका, तर दशांशचिन्ह तसंच राहतं आणि पुढे नुसता सहा येतो. युआन आणि ज्याओ त्याला लावता येत नाहीत. त्यासाठी लांबलचक सूत्र जोडावं लागतं, आणि कचेरीतल्या प्रत्येकाकडे कुणाकडून तरी उतरवलेलं असं एक सूत्र असतं, जे का चालतं ते कुणालाच सांगता येत नाही.

एकदा मी वडिलांसाठी चिनी नोटा घेऊन आलो. नोटांवरही मोठेच आकडे असतात. तोवर ते माझ्याइतकेच तयार झाले होते. शंभराच्या नोटेवर त्यांनी 'एक शंभर' बरोबर ओळखलं. मग दहाची नोट उलटसुलट करून म्हणाले, "यावरचा एक कुठे गेला? कुणी पुढे पाच लिहिला तर?" खरंच, दहाच्या नोटेवर नुसतं 'दहा युआन' आहे. परत गेल्यावर मी बाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, नोट कुणी भरत नाही, चेक भरतात. नोटेवर बोलण्याप्रमाणे छापलेलं आहे, आणि बोलताना शंभराला एक लागतो, दहाला लागत नाही. मी हे फोनवर वडिलांना सांगितलं. त्यांना पटलं नाही. रिझर्व्ह बँकेने असं कधी चालू दिलं नसतं, असं त्यांचं म्हणणं.