महाकाली दरवाजावरची कमळे

१/
कारंजा लाडच्या दिल्ली वेशीपाशी एका दुपारी दोन माणसांचे संभाषण जुळले. एक होता पाठीवर पिशवी टाकून वऱ्हाड पाहायला निघालेला तरुण प्रवासी. दुसरे गावातलेच एक निवृत्त इतिहासशिक्षक. आदल्या दिवशी प्रवाशाने नरनाळा पाहिला होता. आज वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा १ जुलै १९९८ पूर्वी अकोला जिल्ह्यातच होते, त्यामुळे शिक्षकांच्या दृष्टीने नरनाळा हा घरचाच किल्ला. प्रवाशाने मोबाईलवर महाकाली दरवाजाचे छायाचित्र दाखवले. त्याखाली त्याने लिहिले होते: ‘यादवकालीन महाद्वार. वरची कमळे पाहा. कमान मात्र नंतर बसवलेली.’ त्या ओळीवरून त्याच्या मित्रमंडळींत रात्रभर वाद पेटला होता.

२/
“हे कशावरून ठरवलेस?” शिक्षकांनी विचारले.
“कमळांवरून, सर. सुलतानी काळात कमळ कोण कोरेल?”
शिक्षकांनी लगेच होय-नाही म्हटले नाही. “कमळ सर्वांत शेवटी पाहू,” ते म्हणाले. “आधी दरवाजा उभा कसा आहे ते पाहा. नक्षी उसनी घेता येते. वजन पेलण्याची रीत लपवता येत नाही.”

३/
यादवकाळातले दार म्हणजे दोन उभ्या शाखा आणि त्यांवर एक आडवी तुळई. वाशीम जिल्ह्यातच शिरपूरच्या जुन्या पवळी मंदिरासारख्या हेमाडपंती वास्तूंत ही रीत दिसते. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र सोसत नाही. आडव्या तुळईवर भार आला की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तिथेच तडा जातो. म्हणून अशा दाराची रुंदी एका अखंड दगडाच्या ताकदीपुरतीच राहते. अंबारीसह हत्ती आत जाईल एवढे मोठे दार या रीतीने बांधणे अवघड.

४/
“आता हात जोड,” शिक्षक म्हणाले. प्रवाशाने तळवे टेकवले. “बोटांची टोके एकमेकांवर दाब आणि कोपर सैल सोड.” कोपर आपोआप बाहेर सरकले. खऱ्या कमानीचे असेच असते. पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना दाबत उभे राहतात, त्यामुळे कुठेही ताण येत नाही आणि रुंदी वाढवता येते. पण भार बाजूंना ढकलला जातो. तो पेलायला कमानीच्या दोन्ही अंगांना जाड, भरीव बांधकाम लागते. महाकाली दरवाजात कमान आणि तिच्या बाजूंचे ते भक्कम बांधकाम एकाच आराखड्याचे आहे. जुन्या तुळईच्या दारात मागाहून कमान बसवली असती, तर बाजूंच्या थरांत जुना-नवा सांधा दिसला असता: थरांच्या उंचीत फरक, दगडाच्या घडाईत फरक, मध्येच थांबलेली उभी फट.

५/
“पण कमळे जुन्या मंदिरातून आणून बसवली असतील तर?”
प्रश्न रास्त होता, कारण असे अनेक ठिकाणी घडलेले आहे. ते ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. आणलेला दगड नव्या जागेच्या मापाचा नसतो. त्याची नक्षी कडेला कापलेली असते, कधी उलटी किंवा आडवी लागलेली असते, आणि शेजारच्या दगडाशी तिचा मेळ बसत नाही. प्रवाशाने छायाचित्र बोटांनी मोठे केले. कमळे पूर्ण होती, आणि मुखाच्या समतोलात ती मुद्दाम त्या जागेसाठीच कोरल्यासारखी बसली होती. दगडही तोच फिकट वालुकाश्म, ज्यात बाजूच्या सज्जांच्या जाळ्या कोरल्या आहेत.

६/
आता कमळाची पाळी आली. दिल्लीच्या कुतुबमिनारालगतचा अलाई दरवाजा १३११ मधला, अलाउद्दीन खलजीने बांधलेला. त्याच्या कमानींच्या कडांना कमळकळ्यांची झालर आहे. म्हणजे महाकाली दरवाजाच्या पावणेदोनशे वर्षे आधीच कमळ सुलतानी कमानीवर रुळले होते. शिल्पी इथलेच, त्यांच्या हाताची सवयही इथलीच. मालक बदलला म्हणून छिन्नीची भाषा बदलत नाही. त्यामुळे केवळ कमळावरून काळ ठरत नाही.

७/
काळ ठरतो तो दरवाजावरच्या शिलालेखाने. तो १४८७ सालचा आहे. त्यात बहमनी सुलतान महमूदशहाच्या कारकिर्दीत फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने बांधकाम केल्याची नोंद आहे. हा फतहुल्ला वऱ्हाडचा सुभेदार. फरिश्ता त्याचे मूळ विजयनगरच्या कानडी हिंदू घराण्यात सांगतो. लढाईत कैद होऊन तो बहमनी सेवेत वाढला. दरवाजा झाल्यावर थोड्याच वर्षांत, १४९० च्या सुमारास, तो स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडात इमादशाही सुरू झाली. लेखात सुलतानाचे नाव आदराने आहे. पण एवढा देखणा दरवाजा ज्याने उभारला, त्याची सत्ता कुठवर पोचली होती हे वाटेने वर येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते.

८/
“मग इतक्या नाजूक जाळ्या किल्ल्याच्या दरवाजाला कशा? तोफेच्या एका गोळ्यात उडतील.”
शिक्षक हसले. “दरवाजा एकटा पाहिलास, वाट पाहिली नाहीस.” शहानूर गावाकडून चढताना आधी शहानूर दरवाजा लागतो, मग मेहंदी दरवाजा, आणि त्यानंतर महाकाली. शत्रूला दमवण्याचे काम चढण आणि खालचे दरवाजे करतात. इथवर पोचणारा बहुधा परवानगीने आलेला असे: वकील, सरदार, पाहुणा. सज्जे आणि जाळ्या त्याच्यासाठी. दरवाजाचा अर्थ लावताना म्हणूनच त्याच्या आधी काय येते हे विचारावे लागते.

९/
“म्हणजे यादवांचा इथे काहीच संबंध नाही?”
“तसे मी म्हटले नाही. दरवाजाचा काळ म्हणजे किल्ल्याचा काळ नव्हे.” फरिश्त्याच्या मते अहमदशहा वलीने १४२५ ते १४२८ च्या दरम्यान एलिचपूरला मुक्काम असताना गाविलगड बांधला, पण नरनाळ्याची दुरुस्ती केली. दुरुस्ती होते ती आधीपासून असलेल्या गोष्टीची. तेव्हा किल्ला दरवाजापेक्षा जुना आहे. मात्र त्याचा पुरावा तटाच्या इतर भागांत शोधायला हवा, या दरवाजावर नव्हे. एका गडाला एकच साल चिकटवले की अशी गल्लत होते.

१०/
प्रवासी काही वेळ गप्प राहिला. रात्रीच्या वादात त्याने एका मित्राला बरेच लागेल असे बोलून घेतले होते. तो मित्र शिलालेखाचे छायाचित्र मागत होता, आणि याने ते काढलेच नव्हते. त्याने जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली: ‘महाकाली दरवाजा, नरनाळा. १४८७. बांधणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. किल्ला याहून जुना.’ मग त्याने त्या मित्राला फोन लावला. शिक्षक उठले. वेशीच्या कमानीखालून जाताना ते थांबले आणि बाजूच्या थरांवर हात ठेवून म्हणाले, “उद्या सकाळी ये. उन्हे तिरपी असताना सांधे स्पष्ट दिसतात. या वेळी आधी ते टिपू, मग नाव देऊ.”