पट्टीमागचं बारीक नाव

आपल्या मंडळीतल्या अनेकांची मुलं आखातात आहेत, त्यामुळे दुबईला जाणाऱ्यांच्या बॅगा भरायला मी बऱ्याचदा जाते. कपडे आणि फराळ लगेच भरून होतात, वेळ लागतो तो औषधांना.

परवा बेळगावच्या एका मावशींची औषधं आम्ही टेबलावर मांडली. साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाची गोळी, इन्सुलिनचं पेन आणि पायांची आग थांबावी म्हणून रात्री घ्यायची एक कॅप्सूल. मावशी म्हणाल्या, "ती तर व्हिटॅमिनची आहे गं." पट्टी उलटून पाहिली, तर मिथाइलकोबालामिन हे व्हिटॅमिन तीत होतंच, पण सोबत प्रीगॅबलिनही होतं. आपल्याकडे मज्जातंतूंच्या दुखण्यावर ही जोडी सर्रास देतात. संयुक्त अरब अमिरातीत मात्र प्रीगॅबलिन नियंत्रित औषधांत मोडतं. ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही त्यांतच येतं. कस्टमचा अधिकारी कंपनीने दिलेलं नाव पाहत नाही, आतल्या औषधाचं नाव पाहतो. म्हणून प्रत्येक पट्टीमागची बारीक अक्षरं वाचायची.

अशी कॅप्सूल टाळायची म्हणून ती एकदम बंद करणं बरं नाही, त्याने झोप उडते, घाम येतो, जीव घाबरतो. मावशींच्या डॉक्टरांनी ती चालूच ठेवायला सांगितली. मग त्यांच्याकडून सही-शिक्क्याची नवी चिठ्ठी आणि आजाराचा अहवाल इंग्रजीत घेतला. दोन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणे आणि औषधाचं मूळ नाव, मात्रा, रोज किती, हे स्पष्ट लिहून घेतलं. पासपोर्टसह हे कागद जोडून मुलाने तिथल्या सरकारकडे प्रवासाआधीच ऑनलाइन अर्ज केला. परवानगी आल्यावर तिची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवली, आणि कॅप्सूल परवानगीत लिहिल्या तेवढ्याच घेतल्या.

गोळ्या पट्ट्यांतच राहू दिल्या. डबीत सुट्या केल्या की कुठली कोणती, हे सिद्ध करता येत नाही. इन्सुलिनही हातातच घेतलं, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरता येत नाही. पेनच्या सुया सुरक्षा तपासणीत आपणहून दाखवायच्या, चिठ्ठी सोबत असतेच.

निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या बाईंनी भाच्यासाठी खोकल्याच्या दोन बाटल्या आणल्या. बाटलीवर कोडीन लिहिलेलं होतं. परवानगी ज्याच्या नावाची, औषध त्याचंच. दुसऱ्याची बाटली आपल्या बॅगेत सापडली, तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं आणि अटकही होऊ शकते. मावशींनी त्या बाटल्या प्रेमाने परत केल्या. खसखशीची पुडीही मी बाहेर काढली, कारण तिथे तीही चालत नाही.

दुबईत अधिकाऱ्याने कॅप्सूलबद्दल विचारलं. मावशींनी कागद पुढे केला, त्याने पट्ट्या मोजल्या आणि जायला सांगितलं.