चादरीआडची चिमणी

डिसेंबर-जानेवारीत लासलगावात अंधार लवकर पडतो आणि मोठी माणसं उशिरा घरी येतात. लाल कांद्याचा हंगाम असतो. कुणी बाजार समितीत अडकलेलं, कुणी खळ्यावर कांदा निवडायला गेलेलं. थंडी तर आमच्या निफाड तालुक्याची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की आमचं नाव पेपरात येतं. मगरिबची नमाज सहाच्या सुमारास होते आणि इशाला सव्वा तास तरी असतो. एवढा वेळ आमच्या घरातली चार मुलं एकाच खोलीत, गोधड्यांमध्ये शिरून बसलेली असतात.

चौघांची वयं साडेतीन, सात, दहा आणि तेरा. माझी भाची उर्दू शाळेत, पुतण्या मराठी शाळेत आणि दिराची मोठी मुलगी इंग्रजी माध्यमात. पुस्तक उघडून वाचायला बसलं की एकीला लिपी येत नाही, दुसऱ्याला कंटाळा येतो आणि सर्वांत धाकटा पानं ओढतो. मी बीएड केलं तेव्हा एका वर्गात एकाच वयाची मुलं असतात असंच गृहीत धरून शिकवलं जायचं. घरात तसं नसतं. इथे गोष्ट तोंडीच सांगावी लागते, आणि ती चौघांना एकदम धरून ठेवायची तर प्रत्येकाच्या हाताला काहीतरी काम लागतं. ते काम मला सावल्यांच्या खेळात सापडलं.

पडदा म्हणून सोलापुरी चादर घेऊ नका. तिची वीण दाट असते, उजेड पलीकडे येतच नाही. जुनं धोतर किंवा पातळ पांढरी सुती ओढणी चांगली. आम्ही दोन खोल्यांमधल्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागात ओढणी ताणून बांधतो आणि खालच्या अर्ध्या भागावर गोधडी सोडतो. खेळ करणारा गोधडीमागे बसतो, त्याचे फक्त हात वर येतात. बघणारी मुलं दाराच्या अलीकडे, अंधारात. खिडकीवर एक घोंगडी टाकली की रस्त्यावरचा दिवाही बंद.

दिवा कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. ट्यूबलाइटपुढे हात धरून बघा, सावली पुसटच येईल. उजेड चार फूट लांब नळीतून येत असला की बोटाने एका जागचा उजेड अडवला तरी दुसऱ्या जागचा तिथे पोचतो. उजेड जितक्या लहान ठिपक्यातून येईल तितकी सावलीची कड रेखीव. म्हणून मोबाइलचा टॉर्च उत्तम. मोठ्या बॅटरीचा उजेड पडद्यावर गोल कडी पाडतो, मोबाइलचा सारखा पसरतो. मात्र मोबाइल एकच हवा. दोन लावले की एका चिमणीच्या दोन होतात. आणि मुलांना कापडातून दिव्याचा ठिपका डोळ्यांत खुपत असेल तर ओढणी दुहेरी करा.

मेणबत्तीची थरथरती सावली सुंदर दिसते, पण गोधड्या आणि चार मुलं असलेल्या खोलीत मी ती लावत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडीही नको. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

आता अंतर. आमचा मोबाइल पडद्यापासून सहा फुटांवर, स्टुलावर डबे रचून पडद्याच्या मध्याच्या उंचीला ठेवलेला असतो. हात पडद्यापासून एक फुटावर धरला तर सहा इंचांच्या हाताची सावली सात इंचांच्या थोडी वर भरते. हात बरोबर मध्ये, म्हणजे तीन फुटांवर आणला की ती बारा इंच होते. दिव्यापासून दीड फुटावर नेला की चोवीस. हात तोच, फक्त दिव्याकडे सरकला. दहा वर्षांच्या पुतण्याला हे गणित म्हणून शिकवलं असतं तर त्याने तोंड वाकडं केलं असतं. इथे तो स्वतःच टेप घेऊन आला आणि फरशीवर खडूने खुणा केल्या.

या खुणांवर आम्ही चिमणी-कावळ्याची गोष्ट बसवली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी येतो आणि ती काही ना काही कामाचं कारण सांगून दार उघडत नाही. दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवून बोटं पसरली की पक्षी होतो. चिमणी आणि कावळा दोघांचाही आकार हाच. चिमणी पडद्याजवळच्या खुणेवर, कावळा मधल्या खुणेवर. चिमणीचे हात सात वर्षांच्या भाचीचे, कावळ्याचे पुतण्याचे. धाकट्याच्या हातात रिकामा डबा आणि चमचा. कावळा दाराशी आला की टकटक त्याने करायची. ती झाल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही, त्यामुळे तो जागचा हलत नाही. पावसासाठी सुपात मूठभर गहू हलवायचे.

पहिल्या दिवशी कावळा पाऊस चुकवत दिव्याच्या फार जवळ गेला आणि अख्खा पडदा काळा झाला. धाकटा रडत माझ्या गोधडीत शिरला. त्याला उचलून गोधडीमागे नेलं, भाऊच हात हलवतोय हे दाखवलं आणि त्याचा हात दिव्यापुढे धरून लहान-मोठा करू दिला. आता खेळ सुरू होण्याआधी ही फेरी ठरलेलीच. आधी सांगितलं तर मजा जाईल असं मोठ्यांना वाटतं. साडेतीन वर्षांच्या मुलाची मजा उलट तिथूनच सुरू होते.

तेरा वर्षांची पोरगी आधी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ही बाळांची गोष्ट आहे, म्हणाली. तिला मी दिवा दिला. तिने मोबाइलवर लाल पारदर्शक कागद धरून संध्याकाळ केली, हळूहळू बोटांनी उजेड झाकून रात्र केली. तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं की कावळा भिजलाय, तर तो लहान दिसला पाहिजे. म्हणून टकटक करताना पुतण्या आता हात पडद्याकडे आणतो आणि कावळा आक्रसतो.

मोसुलहून कैरोला आलेला इब्न दानियाल हा तेराव्या शतकातला डोळ्यांचा वैद्य. त्याने सावल्यांच्या खेळासाठी लिहिलेली तीन नाटकं आजही उपलब्ध आहेत. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची माणसं चामड्याच्या बाहुल्यांनी पडद्यावर रामायण उभं करतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. मुलांना मी हे खेळ संपल्यावर, गोधडीत सांगितलं. ऐकून भाचीला पुठ्ठ्याचा कावळा कापायचा होता, पण हातांनी खेळण्यातली लवचीकता पुठ्ठ्यात येत नाही. एक कापला, तो सध्या कपाटावर आहे.

भाषा आम्ही ठरवली नव्हती. कावळा मराठीत बोलतो, कारण पुतण्या मराठीत बोलतो. चिमणी घरच्या उर्दूत उत्तर देते, मुन्ने को नहला रही हूँ, थोडा ठहरो. धाकटा दोन्हींत डबा वाजवतो. माझी नानी दिवसा कहाणी सांगायची नाही, मुसाफिर रस्ता चुकतात म्हणायची. तिलाही ही चिमणी समजली असती.

परवा खेळ संपल्यावर भांडण झालं. पुतण्याचं म्हणणं, चिमणी खोटं बोलते, बाळाला किती वेळ आंघोळ घालणार? भाची म्हणे, रात्री एकट्या बाईने दार उघडायचं कशाला? तेरा वर्षांची म्हणाली, मग खिडकीतून गोधडी तरी द्यायची. इशाची अजान झाली तरी वाद चालूच होता, आणि धाकटा डबा वाजवत होता.